लॅबची नवी शाखा जाहीर करताना: वेळा, चाचण्यांची यादी आणि न लिहायची वाक्यं

पॅथॉलॉजी लॅबची नवी शाखा उघडली की पहिलं पत्रक बहुधा काउंटरवरच्या माणसालाच लिहावं लागतं. हा लेख त्याच्यासाठी आहे. नाव, पत्ता, वेळ, चाचण्या आणि फोन नंबर लिहिला की झालं, असं वरवर वाटतं. पण सकाळी सात वाजता शटरसमोर उभं राहणारं माणूस त्या कागदावर विश्वास ठेवून उपाशी आलेलं असतं. कागदावरची वेळ चुकली तर त्याचा एक दिवस वाया जातो, आणि चाचणीबद्दलचं एखादं वाक्य चुकलं तर त्याच्या डोक्यात आजाराबद्दल खोटी समजूत बसते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. मुख्य लॅब दादरला आहे आणि नवी शाखा भांडुप पश्चिमेला, स्टेशनपासून सात मिनिटांवर. शाखेत सॅम्पल घेतलं जातं आणि तपासणी दादरला होते. मुंबईतल्या बऱ्याच नव्या शाखा याच पद्धतीच्या असतात.

आधी ठरवा: ही लॅब आहे की कलेक्शन सेंटर

पत्रकाची पहिली ओळ यावर अवलंबून असते. आपल्या भांडुपच्या शाखेत मशीन नाही. एक छोटं सेंट्रिफ्यूज, एक फ्रीज, दोन खुर्च्या आणि एक टेक्निशियन, एवढंच आहे. तेव्हा पत्रकावर "अत्याधुनिक पॅथॉलॉजी लॅब, आता भांडुपमध्ये" असं छापलं तर ते खोटं ठरतं. "अमुक लॅबचं सॅम्पल कलेक्शन सेंटर, तपासणी दादर येथील मुख्य लॅबमध्ये" असं सरळ लिहा. याने गिऱ्हाईक जात नाही. उलट "माझा रिपोर्ट दोन तासांत का नाही?" हा काउंटरवरचा रोजचा वाद कमी होतो.

एनएबीएलच्या चिन्हाची गल्लतही इथेच होते. ही मान्यता लॅबच्या एका ठराविक पत्त्याला आणि ठराविक चाचण्यांना मिळते. दादरच्या लॅबकडे ती असली म्हणून भांडुपची शाखा आपोआप मान्यताप्राप्त होत नाही, आणि दादरलाही सगळ्याच चाचण्या त्या मान्यतेत असतील असं नाही. म्हणून नव्या शाखेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत चिन्ह छापण्याआधी मुख्य लॅबच्या क्वालिटी मॅनेजरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: हे कलेक्शन सेंटर एनएबीएलला कळवलेल्या यादीत आहे का, आणि चिन्ह कुठे व कसं वापरायचं. उत्तर येईपर्यंत चिन्ह न छापलेलं बरं.

पॅथॉलॉजिस्टचं नाव मात्र नक्की घाला, पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकासह. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. रिपोर्टवर ज्यांची सही येणार त्यांचंच नाव पत्रकावर असू द्या. शाखा चालवणारा डीएमएलटी टेक्निशियन कितीही अनुभवी असला तरी त्याच्या नावाआधी "डॉ." येता कामा नये. शेजारपाजारचे त्याला डॉक्टर म्हणतात हे कारण चालत नाही.

वेळा घड्याळातून काढू नका, पिकअपमधून काढा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. "सकाळी ७ ते रात्री ९" असं छापायला सोपं असतं. पण शटर उघडं असण्याची वेळ आणि सॅम्पल देण्याची वेळ एक नसते. दोघांच्या मध्ये दादरला सॅम्पल नेणारा माणूस असतो.

भांडुपचा हिशोब करून पाहू. सॅम्पल न्यायला माणूस सकाळी साडेदहाला येतो. साध्या किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त गोठायला साधारण अर्धा तास लागतो, त्यानंतर सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं. त्या आधी नळी फिरवली तर सीरम नीट वेगळं होत नाही. म्हणजे पहिल्या पिकअपमध्ये जायचं असेल तर रक्त पावणेदहापर्यंत घेतलेलं हवं. नावनोंदणी आणि पैसे यांना पाच-सात मिनिटं धरली तर माणूस साडेनऊला शाखेत पाहिजे.

सीरम वेगळं करायची घाई का, हेही माहीत असू द्या. रक्त दोन तासांपेक्षा जास्त वेळ पेशींसकट पडून राहिलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्टमध्ये ते खोटं वाढलेलं दिसतं. साखरेचं उलटं होतं. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळी वेगळी लागते. सेंट्रिफ्यूज बंद पडलं तर शाखा उघडी असूनही निम्म्या चाचण्या घेता येत नाहीत. अशा दिवशी काय सांगायचं ते टेक्निशियनला आधी ठरवून द्या.

आता पीपी, म्हणजे जेवणानंतरची साखर. तिचे दोन तास पहिल्या घासापासून मोजतात, ताट संपल्यापासून नाही. समजा शाखा दुपारी एकला बंद होते. पीपीचं सॅम्पल पाऊणच्या सुमारास घ्यायचं असेल तर खायला पावणेअकराला सुरुवात हवी, आणि उपाशीपोटीचं रक्त साडेदहाच्या आत. म्हणून "शुगर फास्टिंग व पीपी: सकाळी ७ ते १०.३०" हे पत्रकावर वेगळं लिहावं लागतं. ते लिहिलं नाही तर साडेअकराला फास्टिंग देऊन गेलेले काका दीड वाजता परत येतात आणि शटर बंद दिसतं. त्यांच्या रिपोर्टवर पीपीची जागा रिकामी राहते आणि डॉक्टर परत पाठवतात.

दुसरं पिकअप दीडला, तिसरं रात्री सव्वाआठला. संध्याकाळी शाखा पाच ते साडेसात उघडी ठेवली तर शेवटच्या माणसाचं सीरमही सव्वाआठच्या आत तयार होतं. साडेसातनंतर शटर उघडं ठेवून नुसते रिपोर्ट द्यायचे असतील तर पत्रकावर तसं वेगळं लिहा.

रिपोर्टची वेळ याच्या पुढे लावायची. साडेदहाला निघालेली पेटी साडेअकराच्या आसपास दादरला पोहोचते, मशीनवर लागते, आकडे पॅथॉलॉजिस्ट पाहतात, एखादा विचित्र आकडा पुन्हा तपासला जातो. "त्याच दिवशी संध्याकाळी ६ नंतर" हे शब्द पाळता येतात. "६ तासांत रिपोर्ट" पाळता येत नाहीत, कारण साडेनऊला आलेल्याचे सहा तास आणि दहाला आलेल्याचे सहा तास वेगळ्या पिकअपमध्ये पडतात. "तासांत" न मोजता नेहमी "अमुक वेळेआधी सॅम्पल दिल्यास अमुक वेळेनंतर रिपोर्ट" असं लिहा.

रविवारचा हिशोब वेगळाच. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो आणि तो बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो. लोकलने पेटी नेणारा माणूस तेव्हा अडकला तर बर्फाच्या पिशव्या गरम होतात. म्हणून रविवारी सात ते अकरा एवढंच काम, फास्टिंग-पीपी दोन्ही द्यायचं असेल तर साडेआठच्या आत या, आणि रिपोर्ट सोमवारी सकाळी अकरानंतर, असं लिहिलेलं चांगलं. पावसाळ्यात सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं की हीच गत. "अतिवृष्टीत रिपोर्टला उशीर होऊ शकतो" ही ओळ छापायला संकोच करू नका. मुंबईकराला ती समजते.

यादीत काय, आणि किती

मुख्य लॅबचं सहाशे चाचण्यांचं दरपत्रक पत्रकावर चिकटवू नका. एक तर ते कुणी वाचत नाही. दुसरं, त्यातल्या काही चाचण्यांचं सॅम्पल या शाखेत घेता येतच नाही. वीर्यतपासणीचं सॅम्पल साधारण तासाभरात तपासायला सुरुवात करावी लागते, भांडुपहून दादरला नेण्यात तो वेळ संपतो. अमोनियासाठी रक्त बर्फात ठेवून लगेच न्यावं लागतं. अशा चाचण्या यादीतून काढा, किंवा "फक्त दादर येथे" असं त्यांच्यापुढे लिहा.

वीस-पंचवीस नेहमीच्या चाचण्या पुरतात. प्रत्येकीपुढे चार गोष्टी हव्यात: डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं ते नाव, सॅम्पल कशाचं, तयारी काय, रिपोर्ट कधी. नावाचं नुसतं मराठीकरण करून थांबू नका. चिठ्ठीवर "टीएसएच" असतं आणि पत्रकावर "कंठस्थ ग्रंथी तपासणी" वाचून कुणालाच काही ओळखू येत नाही.

तयारीच्या रकान्यात एक शब्द फार घोटाळा करतो: उपवास. "उपवास आवश्यक" असं छापलं की श्रावणी सोमवारी किंवा एकादशीला लोक साबुदाण्याची खिचडी आणि चहा घेऊन येतात, आणि खरं बोलतात की "आज उपवास आहे." म्हणून "उपाशीपोटी" लिहा आणि त्याचा अर्थ तिथेच फोडून सांगा: रात्रीच्या जेवणानंतर काहीही खाल्लेलं नको, चहा-कॉफी-दूध नको, उपवासाचे पदार्थही नकोत, साधं पाणी चालतं. फास्टिंग शुगरसाठी किमान आठ तास, लिपिड प्रोफाइल उपाशीपोटी सांगितलं असेल तर नऊ ते बारा तास. एचबीएवनसी आणि सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही, हेही लिहा. नाहीतर आजी विनाकारण बारा वाजेपर्यंत उपाशी बसतात.

याच रकान्यात एक सीमा आहे. "थायरॉइडची गोळी घेऊ नका", "शुगरचं औषध बंद ठेवा" असं पत्रकावर कधीही छापू नका. तो सल्ला झाला, आणि तो देणं लॅबच्या काउंटरचं काम नाही. लिहायचं एवढंच: "नेहमीची औषधं घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारा."

कल्चरसारख्या चाचण्यांची वेळ आधीच सांगून टाका. लघवीच्या कल्चरला दोन ते तीन दिवस लागतात, कारण जंतू आधी वाढावे लागतात आणि मग त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते पाहावं लागतं. ब्लड कल्चरमध्ये काही वाढलं नाही, असा अंतिम रिपोर्ट साधारण पाच दिवसांनी येतो. "सर्व रिपोर्ट त्याच दिवशी" हे वाक्य या दोन चाचण्यांनीच खोटं पडतं. एचआयव्हीची चाचणी कुठल्याही पॅकेजमध्ये गुपचूप घालू नका. २०१७ च्या कायद्याने तिच्यासाठी संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे.

आकड्यांनी फुगवलेली पॅकेजेस

"७२ टेस्ट फक्त ९९९ रुपयांत" अशी पत्रकं सगळ्यांनी पाहिलीत. त्यातली गंमत अशी की सीबीसी ही एकच चाचणी असते, पण तिच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनपासून प्लेटलेटपर्यंत वीसेक ओळी छापून येतात. लिपिड प्रोफाइलमध्ये काही आकडे मशीन मोजतं आणि काही नुसत्या वजाबाकी-भागाकाराने निघतात. या सगळ्या ओळी मोजून "टेस्ट" म्हटलं की बहात्तर होतात. प्रत्यक्षात सॅम्पलच्या नळ्या तीन आणि चाचण्या सात-आठ असतात. वाचणाऱ्याला तो आकडा चाचण्यांचाच वाटतो, म्हणून ही दिशाभूल आहे. चाचण्यांची नावं लिहा, ओळी मोजू नका.

"७० टक्के सूट" हे त्याचंच भावंड. मूळ दर कुणीही कधी न भरलेला असेल तर सूट कशावर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत हवा. म्हणजे वर मराठीत ठळक "मोफत" आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत "अटी लागू", हे चालत नाही. उद्घाटनाची सवलत द्यायचीच असेल तर मूळ दर, सवलतीचा दर आणि ती कधीपर्यंत आहे ती तारीख, तिन्ही लिहा.

दावा कुठे सुरू होतो

"१००% अचूक", "मुंबईतील सर्वोत्तम", "कॅन्सर ओळखा, जीव वाचवा" ही ढोबळ वाक्यं बहुतेकांच्या लक्षात येतात. खरा त्रास आडून येणाऱ्या दाव्यांचा होतो. त्यांच्यात दावा दिसत नाही, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात तो तयार होतो.

पहिला प्रकार प्रश्नांचा. "थकवा येतो? केस गळतात? वजन वाढतंय? आजच थायरॉइड तपासा!" यात कुठेही खोटं विधान नाही. तरी लक्षणांवरून आजाराकडे बोट दाखवलं गेलं, आणि ते काम डॉक्टरांचं आहे. थकव्याची कारणं पंचवीस असू शकतात. प्रश्नचिन्ह लावलं म्हणून दावा पुसला जात नाही. उपाय सोपा आहे: पत्रकावर लक्षणांची नावंच नकोत. फक्त चाचण्यांची नावं ठेवा.

दुसरा प्रकार पॅकेजच्या नावात लपतो. "कॅन्सर पॅकेज" म्हणून आत पीएसए किंवा सीए-१२५ घातलं जातं. हे आकडे कॅन्सर नसतानाही वाढू शकतात आणि कॅन्सर असतानाही नॉर्मल राहू शकतात. "हेल्दी हार्ट पॅकेज"चा रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस म्हणतो, "हार्ट चेक केलं, ओके आहे." प्रत्यक्षात त्याचं फक्त कोलेस्टेरॉल मोजलेलं असतं. पॅकेजला अवयवाचं किंवा आजाराचं नाव देऊ नका. "पॅकेज अ: सीबीसी, फास्टिंग शुगर, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, टीएसएच, लघवी तपासणी" हे कोरडं वाटेल, पण त्यात फसवं काही नाही. "फुल बॉडी चेकअप" हे नाव तर सगळीकडे रुळलंय. तरीही रक्त-लघवीतून संपूर्ण शरीर तपासलं जात नाही, तेव्हा "नियमित रक्त व लघवी तपासणी" म्हणा.

तिसरा प्रकार पावसाळ्यात दिसतो. जूनमध्ये शाखा उघडली की मालकाला "डेंग्यू टेस्ट" मोठ्या अक्षरांत हवी असते. पण डेंग्यूची टेस्ट एक नाही. एनएसवन तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते, आयजीएम अँटिबॉडी त्यानंतर दिसू लागतात. शिवाय रॅपिड कार्ड आणि एलायझा या दोन वेगळ्या पद्धती आहेत. पत्रकावर नुसतं "डेंग्यू टेस्ट" लिहिलं, आणि सातव्या दिवशी आलेल्या माणसाची फक्त एनएसवन केली, ती निगेटिव्ह आली, की तो समजतो आपल्याला डेंग्यू नाहीच. म्हणून पूर्ण नाव लिहा: "डेंग्यू एनएसवन, एलायझा पद्धत", "डेंग्यू आयजीएम, एलायझा पद्धत", आणि पुढे "कोणती चाचणी करायची हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा." मलेरियाचंही तसंच. स्मिअर आहे की रॅपिड कार्ड, ते लिहा. स्मिअर असेल तर काच शाखेतच लगेच बनवायला टेक्निशियनला सांगा, कारण जांभळ्या नळीत रक्त तासन्‌तास राहिलं की परजीवींचा आकार बिघडतो आणि ओळखणं अवघड होतं.

चौथा प्रकार सेवेच्या नावाखाली येतो: "रिपोर्ट समजावून दिला जाईल." कोण देणार? काउंटरवरची मुलगी? रिपोर्टबद्दल डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर ते पॅथॉलॉजिस्टशी बोलू शकतात, एवढंच लिहिता येतं.

लॅब पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांच्या मालकीची असेल तर बंधन आणखी आवळलेलं आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरला स्वतःची जाहिरात करता येत नाही, मात्र काम सुरू केल्याची किंवा पत्ता बदलल्याची औपचारिक सूचना वर्तमानपत्रात देता येते. डॉक्टरने चालवलेल्या संस्थेच्या जाहिरातीत संस्थेचं नाव, सुविधा आणि दर यापलीकडे काही नको, असाही तिचा रोख आहे. डॉक्टरांचा हसरा फोटो आणि "२५ वर्षांचा गाढा अनुभव" हे तिथेच गळतं. त्याच आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं निषिद्ध आहे, तेव्हा परिसरातल्या दवाखान्यांत पत्रक देताना सोबत "आकर्षक रेफरल योजना" असं काही नको.

शाखेत सोनोग्राफीही असेल तर हा लेख पुरेसा नाही. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालची नोंदणी त्या-त्या जागेची असते, दादरची नोंदणी भांडुपला चालत नाही. ती हातात येईपर्यंत पत्रकावर सोनोग्राफीचा उल्लेखसुद्धा करू नका.

तयार मजकूर

वरच्या सगळ्या हिशोबातून भांडुपच्या शाखेचं पत्रक असं उतरतं:

अमुक पॅथॉलॉजी लॅब, दादर
भांडुप (पश्चिम) येथे सॅम्पल कलेक्शन सेंटर सोमवारपासून सुरू
(इथे तारीख)

पत्ता: दुकान क्रमांक, इमारतीचं नाव, रस्ता, भांडुप पश्चिम, मुंबई ४०० ०७८. स्टेशनपासून चालत ७ मिनिटं. तळमजला, दोन पायऱ्या.

सॅम्पल देण्याच्या वेळा
सोमवार ते शनिवार: सकाळी ७ ते दुपारी १, संध्याकाळी ५ ते ७.३०
रविवार: सकाळी ७ ते ११
फास्टिंग व पीपी शुगर: सकाळी १०.३० च्या आत या (रविवारी ८.३० च्या आत)

रिपोर्ट
सकाळी ९.३० पर्यंत आल्यास त्याच दिवशी संध्याकाळी ६ नंतर. दुपारी १२.३० पर्यंत आल्यास रात्री ९ नंतर मोबाइलवर. त्यानंतर व संध्याकाळी आल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी ११ नंतर. रविवारचे रिपोर्ट सोमवारी सकाळी ११ नंतर. कल्चर व काही विशेष चाचण्यांना जास्त दिवस लागतात. अतिवृष्टीत उशीर होऊ शकतो.

उपाशीपोटी न येता देता येणाऱ्या चाचण्या: सीबीसी, एचबीएवनसी, टीएसएच, क्रिएटिनिन, लघवी तपासणी, डेंग्यू एनएसवन व आयजीएम (एलायझा), मलेरिया स्मिअर
उपाशीपोटी: फास्टिंग शुगर (किमान ८ तास), लिपिड प्रोफाइल (डॉक्टरांनी उपाशीपोटी सांगितल्यास ९ ते १२ तास). चहा, कॉफी, दूध व उपवासाचे पदार्थही चालत नाहीत. साधं पाणी चालतं.

नेहमीची औषधं घ्यायची की नाही, कोणती चाचणी करायची आणि रिपोर्टचा अर्थ काय, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

सर्व तपासणी दादर येथील मुख्य लॅबमध्ये. पॅथॉलॉजिस्ट: नाव, पदवी, नोंदणी क्रमांक.
दरपत्रक शाखेत लावलेलं आहे. घरी येऊन सॅम्पल: सकाळी ६.३० ते ९, फक्त ४०० ०७८ पिनकोडमध्ये, शुल्क वेगळं. फोन:

हे एका ए-फाइव्ह कागदाच्या एका बाजूला मावतं. दुसरी बाजू कोरी ठेवली तरी चालते. लोक तिच्यावर वाण्याची यादी लिहितात आणि पत्रक घरात राहतं.

कुठे लावायचं

दुकानावरच्या बोर्डासाठी महाराष्ट्राचा नियम स्पष्ट आहे. मराठीत, देवनागरी लिपीत, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही भाषेपेक्षा लहान नकोत. पेंटर सवयीने इंग्रजी नाव मोठं काढतो, तेव्हा नमुना त्याला कागदावर मापासकट द्या. बाहेर रस्त्यावर, विजेच्या खांबांवर किंवा झाडांवर फलक लावू नका, पालिकेची परवानगी नसलेला फलक उतरवला जातो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावताना वॉचमनला देऊन निघून येऊ नका, सेक्रेटरींची परवानगी घ्या. नाहीतर संध्याकाळी तो कागद कचऱ्यात असतो.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटोबरोबर मजकूरही अक्षरांत टाका, म्हणजे वेळ शोधता येते आणि पुढे पाठवता येते. ब्रॉडकास्ट लिस्टमधला संदेश ज्यांनी लॅबचा नंबर फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच पोहोचतो, म्हणून "हजार लोकांना पाठवलं" या आकड्यावर विसंबू नका. जुन्या रुग्णांची यादी वापरत असाल तर त्यांच्या चाचणीवरून गट पाडू नका. "शुगर असलेल्यांसाठी खास" असा संदेश घरातल्या दुसऱ्या कुणी वाचला तर त्या माणसाची माहिती तुम्ही फोडलेली असते.

छापण्याआधी एक प्रूफ घ्या आणि पॅथॉलॉजीशी संबंध नसलेल्या कुणालातरी द्या, शक्यतो साठीच्या पुढच्या. त्यांना तीनच गोष्टी विचारा: "शुगरची दोन्ही सॅम्पल द्यायची आहेत, किती वाजता याल?", "येताना चहा घ्याल का?", "रिपोर्ट कधी मिळेल?" यातल्या एकाचंही उत्तर त्यांनी अडखळत दिलं, तर ती ओळ पुन्हा लिहा. मग छापलेल्या नंबरवर बाहेरच्या फोनवरून सकाळी सव्वासातला फोन करा. उचलणारा माणूस पत्रकावरच्याच वेळा सांगतो का ते ऐका, कारण पहिल्या आठवड्यात निम्मे लोक पत्रक वाचत नाहीत, फोन करतात.